सहा महिने, सहा डबे: प्रोटीन पावडरचा अनुभव

आधी भांडणाचं सांगतो, कारण त्यात मी हरलो. जानेवारीतल्या थंडीत सकाळी गार शेक पिववेना, म्हणून उकळत्या कॉफीत चॉकलेटची व्हे पावडर टाकली. दूध नासावं तशा गुठळ्या झाल्या. चोवीसशे रुपये किलोचा माल बोगस निघाला असं समजून व्हिडिओ काढला, कस्टमर केअरला पाठवला आणि वर ग्राहक मंचाचं नावही घेऊन टाकलं. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "सर, पाणी उकळतं होतं का?"

पनीर केल्यावर खाली जे हिरवट पाणी राहतं, त्यातलं प्रोटीन म्हणजे व्हे. पावडरसाठी ते चीज कारखान्यांतून येतं, पण वस्तू तीच. ते साधारण सत्तर अंशांच्या पुढे गोठू लागतं, अंड्याचा पांढरा गोठतो तसं. म्हणजे माझ्या कॉफीतल्या गुठळ्या आत प्रोटीन असल्याचीच खूण होती. उलट 'चमचा फिरवताच विरघळते, म्हणजे अस्सल' हे जिममधलं शास्त्र कच्चं. पटकन विरघळते ती त्यात घातलेल्या लेसिथिनमुळे (लेबलवर 322). त्यावरून प्रोटीन किती ते कळत नाही. मी सॉरी म्हटलं नाही, पण फोन ठेवला.

आता मुळात ही पावडर लागते का? मी शेहेचाळीस वर्षांचा, वजन 68 किलो, आठवड्यातून चार दिवस कर्वे रोडजवळच्या जिममध्ये वजनं उचलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा आहे रोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मला 56 ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला 1.2 ते 1.6 धरतात, म्हणजे 80 ते 110. एका रविवारी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. पाच पोळ्या 15, वाटीभर वरण 6, मटकीची उसळ 8, दही 5, पोहे 4, भात 3, चहातलं दूध 3. बेरीज 44! आपलं जेवण चौरस असतं हा माझा समज बायकोच्या देखत मोडला. "अहो, मग शेंगदाणे खा की," ती म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. मूठभर दाण्यांत सहा ग्रॅम येतात, दोन अंड्यांत बारा, आणि सोयाबीनच्या वड्या 50 ग्रॅम भिजवल्या तर पंचवीसच्या आसपास. तेव्हा पावडर गरजेची नाही. पण आमच्या घरात अंडं शिजत नाही, सोयावडी आठवड्यातून दोनदाच खपते, आणि सकाळी साडेसातला माझ्याकडे दहा मिनिटं असतात. मी पैसे त्या दहा मिनिटांचे देतो.

आता माझा मुख्य राग: गोडी. चॉकलेटचा घोट गिळल्यावर अर्धा तास जीभ गोड राहते, वर घेतलेला चहासुद्धा बिघडतो. लेबलवर 955 आणि 950 होते, म्हणजे सुक्रालोज आणि एसेसल्फेम पोटॅशियम. त्यात दुसऱ्या आठवड्यापासून पोट फुगायला लागलं. गुन्हेगार सापडला म्हणून मी खूश. चौथा डबा संपत येईपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने, मी भेटेल त्याला सुक्रालोजविरुद्ध व्याख्यान दिलं. तळजाईच्या टेकडीवर माझ्यासोबत चालणाऱ्या दोघांनी वेळ बदलली.

मग गणित केलं आणि ओशाळलो. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड असतं. चार चमचे म्हणजे 20 ग्रॅम साखरेची गोडी आणायला 33 मिलिग्रॅम पुरतं. एसेसल्फेम जोडीला असेल तर आणखी कमी. रोज घ्यायला चालेल अशी ठरवलेली मर्यादा किलोमागे 15 मिलिग्रॅम आहे, माझ्या वजनाला हजाराच्या वर. अमेरिकेतली 5 ची कडक मर्यादा धरली तरी 340. आणि एवढ्याशा चिमटीने पोटात गॅस कशाला होईल? पोट फुगवणारी गोडी वेगळ्या जातीची, सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉलसारखी. ती ग्रॅममध्ये घालावी लागते, आणि माझ्या डब्यात ती नव्हती.

तरी हट्टाने पाचवा डबा बिनचवीचा, बिनगोडीचा आणला. जीभ सुटली, पण पोट तसंच! तेव्हा लक्षात आलं की पावडर आल्यापासून मी रोज 300 मिलिलिटर दूध पीत होतो. त्याआधी माझं दूध चहापुरतं. तेवढ्या दुधात 14 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जी न पचली तर पोट फुगतं; पावडरच्या स्कूपमध्ये ती जेमतेम दीड-दोन. एक आठवडा पावडर नुसत्या पाण्यात घेतली, पोट शांत. दुसऱ्या आठवड्यात पावडर बंद आणि नुसतं दूध, पोटाचा तबला. ट्रेनर म्हणत होता, "काका, आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज नसल्यात जमा." आयसोलेट म्हणजे जास्त शुद्ध केलेली व्हे. ऐकलं असतं तर डब्यामागे हजार रुपये जादा गेले असते आणि दूध तसंच चालू राहिलं असतं. तर सुक्रालोजची माफी मागतो, पोटापुरती. चवीचा खटला चालूच आहे. शिवाय वजन उतरवण्यासाठी अशा गोडीचा आधार घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंच आहे.

याच ट्रेनरने मध्यंतरी ओळखीतला दीड हजाराचा डबा आणला होता. समोर ठळक 'प्रति स्कूप 25 ग्रॅम'. मी आधी स्कूप बघितला: 40 ग्रॅमचा. म्हणजे शंभरात साडेबासष्ट. माझ्या बिनचवीच्या डब्यात 30 ग्रॅमला 24, म्हणजे ऐंशी. बरं, चॉकलेटमध्ये कोको असतो, थोडं कमी चालतं (माझाच चॉकलेटचा 36 ग्रॅमला 24 होता, सदुसष्ट टक्के). पण घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि तिथे व्हेनंतर दुसरंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन, तिसरं ग्लायसिन. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिठूळ भराव. ग्लायसिन त्याहून चलाख. नेहमीच्या तपासणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि 6.25 ने किंवा दुधासाठी 6.38 ने गुणतात. ग्लायसिन हे स्वस्त सुटं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीन ज्या विटांचं बनतं त्यातली एक सुटी वीट, आणि त्यात नायट्रोजन भरपूर. एक ग्रॅम घातलं की कागदावर जवळपास 1.2 ग्रॅम 'प्रोटीन' वाढतं.

पकडायचं कसं, तर अमिनो आम्लांच्या तक्त्यात. व्हेच्या 25 ग्रॅम प्रोटीनमध्ये ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास हवं आणि ग्लायसिन अर्ध्या ग्रॅमच्या आत. त्या डब्यावर ल्युसिन 1.6, ग्लायसिन 2.9. उलटं गणित केलं, तर 1.6 ग्रॅम ल्युसिन सोळा ग्रॅम व्हेमध्येच मिळतं. म्हणजे पंचवीसपैकी खरे सोळा! ट्रेनरला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत होता का?" अर्थात हा डबा निदान तक्ता छापण्याइतका प्रामाणिक होता. तक्ताच नसेल किंवा खोटा असेल, तर घरी बसून काहीच कळत नाही. मग डब्यावरच्या बॅच नंबरचा, बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कंपनीकडे मागायचा. मी मागितला, माझ्या कंपनीने तीन दिवसांनी पाठवला. एक तारा त्याचा.

सध्याची पद्धत: बिनचवीची पावडर गार ताकात, रवीने घुसळून, वर जिरं-मीठ. फेस फार येतो, पाच मिनिटं थांबावं लागतं. आठवड्याला चारच स्कूप, बाकी दिवशी दाणे आणि सोयावडी. खर्च प्रोटीनच्या ग्रॅमला 3 रुपये 60 पैशांवरून पावणेतीनवर आला, कारण या डब्यात गोडी, कोको आणि घट्टपणाचा गोंद यांचे पैसे नाहीत.

चॉकलेटच्या चौथ्या डब्यातले उरलेले सहा स्कूप भाच्याला दिले. परवा फोन आला, "मामा, पावडर मस्त आहे, पण गोड जरा कमी वाटते."