आजीचं उटणं की सायलीची सीरमं?

लग्नाला दोन महिने उरले आणि सायली अडली: आजीच्या उटण्याचा डबा उघडायचा की फळीवरची सात सीरमं चालू ठेवायची?

खर्चात आजी सरळ जिंकते. मंगळवार पेठेतून मसूर डाळ नि आंबेहळद आणायची, दळून वस्त्रगाळ करायची. सायलीच्या एका बाटलीत आजीचं वर्ष निघेल.

टिकण्याचं मात्र सोलापूरचं ऊन ठरवतं. कोरडं उटणं महिनोन्‌महिने राहतं. भिजवलेलं त्याच दिवशी संपवायचं. सायलीचं व्हिटॅमिन सी खिडकीशी होतं. पाण्यासारखं सीरम चहासारखं तांबूस झालं, म्हणजे हवा-उजेड-उष्णतेनं वाया गेलं. बाकी बाटल्या तिनं मुकाट्यानं आतल्या कपाटात हलवल्या.

त्रास दोन्हींत. सायलीनं एका रात्री रेटिनॉल आणि ग्लायकोलिक आम्ल एकावर एक लावलं. सकाळी गालांची सालं निघाली. वर उटणं वाळवून खरवडलं! आजी ओरडलीच, "अगं, ओलं असतानाच हलक्या हातानं काढायचं. आणि आता आठ दिवस काहीच लावू नकोस."

हातापायांचा मळ, खरखर काढायला उटणं पुरे. मुरमांचे डाग त्यानं जात नाहीत. त्यांना एकच सीरम नेमानं, आणि दिवसा सनस्क्रीन.