कल्याण-दादर लोकलसाठी: पॉडकास्ट की व्याख्यान?

उभं राहून जायचं असेल तर गप्पांचा पॉडकास्टच लावावा. गर्दीत दोन वाक्यं निसटली तरी धागा सुटत नाही. तासाभराचा भाग १.२५ वेगाने ४८ मिनिटांत संपतो, म्हणजे दादर येईपर्यंत बहुतेक उरकतोच.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतलं व्याख्यान जास्त शिकवतं, पण प्राध्यापक फळ्याकडे बोट दाखवून "हे पद इकडे घ्या" म्हणाले की नुसतं ऐकणारा अडकतो. म्हणून रात्री फोन पालथा ठेवून मधलीच दोन मिनिटं ऐकावीत. समजलं तर ऐकायच्या यादीत टाकावं. इतिहास, अर्थशास्त्र बऱ्याचदा चालतं. गणित जागा मिळाली तरच.

दोन्ही घरच्या वायफायवर डाउनलोड करावं आणि फ्लाइट मोडवर एकदा वाजवून बघावं. अर्धवट उतरलेली फाइल तिथेच कळते.