एकरकमी दर की तास-माणसांचा हिशेब?

सोसायटीचा कार्यक्रम संध्याकाळी 6 ते 10. एकरकमी दरात साउंड, स्टेज, लाइट असं सगळं एका आकड्यात येतं. समितीला ते सोपं वाटतं, पण कार्यक्रम लांबला तर जादा पैसे कशाचे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

दुसऱ्या पद्धतीत सामानाचं दिवसाचं भाडं वेगळं आणि मजुरी वेगळी. स्टेजला 4 माणसं, उभारणी 3 तास, उतरवणी 2 तास, म्हणजे 20 मनुष्यतास. साउंड-लाइटचे 3 जण जोडणी आणि साउंड चेकला 3 तास, कार्यक्रमात 4, आवराआवरीत 1, म्हणजे 24. एकूण 44, आणि त्यातले प्रत्यक्ष कार्यक्रमाचे फक्त 12! म्हणून कार्यक्रम तासाभराने छाटला तरी मजुरी जेमतेम 3 मनुष्यतासांनी उतरते.

बक्षीस समारंभ तासभर रेंगाळला तर मात्र 3 वाढतात, आणि स्टेजवाले उतरवणीसाठी येऊन थांबले असतील तर 7. म्हणून त्यांना उशिराचीच वेळ द्यावी. वेळेवर भरवसा नसेल तर मला एकरकमीच बरं वाटतं, फक्त जादा तासाचा दर आधी लिहून घ्यावा.