घरी जाऊन पार्लर सेवा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी आणि माझ्याकडच्या दोन मुली, आम्ही घरोघरी जाऊन काम करायला लागून आठ महिने झाले. पहिले तीन महिने प्रवासखर्च किलोमीटरवर लावला आणि तिथेच फसलो. खर्च होत होता वेळ आणि पैसे घेत होतो अंतराचे.

एक दिवस सांगते. 10 वाजता फेशियल, 12 वाजता फुल वॅक्स, तेही गावाच्या दुसऱ्या टोकाला. फेशियल 11 ला संपलं, आवरून मुलगी 11:10 ला निघाली. नकाशा 25 मिनिटं दाखवत होता, म्हणून मी निवांत. पण गाडी लावणं, गेटवर नोंद, लिफ्ट यांत 15 मिनिटं गेली आणि हीटरमधलं वॅक्स पातळ व्हायला 20. प्रत्यक्ष काम 12:10 ला सुरू झालं. पुढची प्रत्येक बाई मग वाट बघतच बसली. आता मी नकाशाच्या वेळेत सरळ 35 मिनिटं मिळवूनच पुढची वेळ देते आणि भागांप्रमाणे वार वाटून घेतलेत. दुसऱ्या भागातल्या ताईंना हवा तो वार मिळत नाही; दोघीतिघी त्यावरून तुटल्याही. चालायचंच.

प्रवासखर्चही आता वेळेवर: 15 मिनिटांपर्यंत, अर्ध्या तासापर्यंत आणि त्यापुढे, असे तीन दर. एकाच इमारतीत दोघी असतील तर एकच खर्च दोघींत वाटून. तो बुकिंगच्या वेळीच घेते. मुलगी निघाली की परत मिळत नाही, हे आधी सांगते.

हा शेवटचा नियम मी पैशांसाठी केला होता, उपयोग मात्र भलतीकडेच झाला. सुरुवातीला काम झालं नाही तर मुलीला त्या फेरीचं काहीच मिळत नसे. त्यामुळे घर विचित्र वाटलं तरी त्या आत जायच्या, हे मला फार उशिरा कळलं. लाइव्ह लोकेशन होतं, पोचल्याचा आणि निघाल्याचा मेसेज होता. पण लोकेशनवरून मुलगी कुठे आहे एवढंच कळतं. अडचणीत असली तर फोनवर "निळी पेटी तिथेच राहिली का?" असं विचारायचं, हेही ठरलं होतं. ते वाक्य एकदाही कुणी वापरलं नाही, कारण दाराशी परत फिरायचं म्हणजे रोज बुडणार.

आता आगाऊ घेतलेला प्रवासखर्च पूर्ण तिचा, आणि दारातून परतली तरी त्या कामाचा अर्धा मेहनताना माझ्याकडून. नवीन ग्राहकाची पहिली वेळ दुपारी 4 च्या आतच, आणि सेवा जिला हवी तिच्याशी मी स्वतः आधी फोनवर बोलते.

मागच्या महिन्यात फोनवर एक बाई नीट बोलल्या. मुलगी पोचली तर दारात एकटा पुरुष, म्हणे "ती येईलच, तुम्ही आत बसा." तिने किट उचललं, "खाली थांबते" म्हणाली आणि लिफ्टमधूनच मला फोन केला. 20 मिनिटं थांबली, कुणी आलं नाही, मग निघाली. संध्याकाळी तिचे पैसे दिले.