आरसीएस मेसेज अडकला तर आपोआप एसएमएस होऊ द्यावा का?

गूगल मेसेजेस अ‍ॅपमध्ये आरसीएसच्या, म्हणजे एसएमएसनंतर आलेल्या नव्या प्रकारच्या मेसेजच्या, सेटिंगमध्ये `Automatically resend as text` असं एक बटण आहे. ते चालू ठेवायचं की बंद, हे ठरवण्याआधी मेसेज कुठल्या वाटेने जातो ते माहीत हवं. आरसीएस इंटरनेटवरून जातो, म्हणजे मोबाइल डेटा किंवा वाय-फाय लागतो, आणि तो दोन्हीकडे लागतो. एसएमएसला डेटा लागत नाही. पलीकडचा फोन बंद असला तरी एसएमएस मोबाइल कंपनीच्या केंद्रात काही काळ थांबतो आणि फोन नेटवर्कमध्ये आला की पोहोचतो.

समजा, पुण्याहून मुलीने गावी आईला लिहिलं, "उद्या सकाळच्या एसटीने निघते आहे", आणि पुढे औषधांची यादी. आईच्या फोनचा डेटा बंद आहे. मुलीला मेसेजखाली एकच टिक दिसते, म्हणजे मेसेज निघाला, पण आईच्या फोनवर पोहोचलेला नाही. बटण चालू असेल तर थोड्या वेळाने अ‍ॅप तोच मजकूर एसएमएसने पाठवतं आणि आईला तो डेटाशिवाय मिळतो. बटण बंद असेल तर आईचा डेटा सुरू होईपर्यंत तो तसाच थांबतो. निरोप उद्या सकाळचा असेल, तर हे थांबणं महाग पडतं.

चालू ठेवण्याची किंमतही आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलंत वेगळे मोजले जातात. 'नमस्कार' हा शब्दच सात जागा घेतो. मजकूर ७० च्या पुढे गेला की तुकडे पडतात, आणि जोडणीच्या माहितीला जागा लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. आईला पाठवलेला मेसेज १५० जागांचा असेल, तर तीन एसएमएस होतात. पॅकमध्ये एसएमएस नसतील तर तिन्हींचे पैसे लागतात.

दुसरी गोष्ट मला पैशांपेक्षा मोठी वाटते. दोघांच्या आरसीएस चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर फक्त त्या दोघांनाच वाचता येईल असं संरक्षण, असेल तर पाठवायच्या बटणावर कुलूप दिसतं. एसएमएसला ते संरक्षण नाही. मेसेज एसएमएस झाला की कुलूप गेलं. फोटोचं वेगळंच आहे. त्याचा एमएमएस होतो, आणि एमएमएसला पुन्हा मोबाइल डेटाच लागतो. त्यामुळे आईचा डेटा बंद असताना हा बदल फोटोच्या कामाचा नाही.

घरच्या वयस्कर माणसांचा डेटा बहुतेक वेळ बंदच असेल, किंवा त्यांचं रिचार्ज फक्त कॉल आणि एसएमएसचं असेल, तर बटण चालू ठेवावं. त्याहून चांगलं म्हणजे त्या एका चॅटच्या तपशिलात जाऊन `Only send SMS and MMS messages` निवडावं, म्हणजे वाट बघणंच टळतं. खाजगी बोलणं जास्त असेल किंवा एसएमएसचे पैसे लागत असतील, तर बंद ठेवावं. मग एकच टिक दिसली आणि काम तातडीचं असेल, तर सरळ फोन लावावा.