दुकान खरे, पेज नकली

दिवाळीच्या आधी जालन्यात आमच्या वहिनींना फेसबुकवर छत्रपती संभाजीनगरातील एका जुन्या साडीच्या दुकानाची जाहिरात दिसली. पाटी, पत्ता, जीएसटी क्रमांक, गल्ल्यावर बसलेल्या मालकांचे फोटो, सगळे खरे होते; फक्त पेज त्या दुकानाचे नव्हते. हातमागाची पैठणी १,४९९ रुपयांत मिळेल, असे त्यावर म्हटले होते. एवढ्या पैशांत अस्सल पैठणीचे नुसते रेशीमही येत नाही, हे वहिनींना ठाऊक होते. परंतु लग्नाचा बस्ता याच दुकानात बांधलेला असल्यामुळे त्यांना संशय आला नाही, आणि अशा पेजचा सारा डाव त्या ओळखीवरच उभा असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआर कोडवर त्यांनी पैसे भरले. दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या विम्यासाठी, साडी पोहोचताच परत मिळतील असे सांगून आणखी ९५० रुपये मागितले गेले आणि ते मिळताच नंबर ब्लॉक झाला.

नंतर मी ते पेज बारकाईने पाहिले. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला साडीच्याच रंगाची एक पट्टी चिकटवलेली होती आणि एका ठिकाणी तिच्याखालून दुकानाच्या खऱ्या फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे डोकावत होते. पेजच्या माहितीत Page transparency हा भाग असतो. त्यावरून हे पेज काही वर्षांपूर्वीचे निघाले, त्यामुळे केवळ तारीख पाहणारा निश्चिंत झाला असता. मात्र तिथेच नावांचा इतिहासही होता आणि त्यात पेजचे आधीचे नाव कुठल्याशा मोबाइल गेमचे होते. अशी जुनी पेजेस विकत घेतली किंवा हॅक केली जातात, म्हणून हजारो फॉलोअर्स असणे हा कसलाच पुरावा नाही.

चोरलेला जीएसटी क्रमांक मात्र चोरावरच उलटवता येतो. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाकला की दुकानाच्या नावासोबत नोंदणीचे कायदेशीर नाव दिसते. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर ते मालकाचेच नाव असते. क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकण्यापूर्वी, यूपीआय ॲपमध्ये खातेदाराचे नाव येते. वहिनींच्या व्यवहारात ते कुणा तिऱ्हाइताचे होते. ही दोन्ही नावे जुळत नसतील तर तिथेच थांबावे आणि जुन्या पावतीवरच्या नंबरावर दुकानात फोन करावा, कारण पेजवरचा नंबर ठगाचाच असतो. पावती नसेल तर संभाजीनगरातल्या एखाद्या नातेवाइकाला दुकानात डोकावून यायला सांगणे उत्तम.

पैसे गेलेच असतील तर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी कळवले तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते. वहिनींनी तक्रार दिली ती दुसऱ्या मागणीनंतर, आणि तोवर पहिली रक्कम त्या खात्यातून निघून गेली होती.