अक्षरे जोडायला शिकताना: मोजक्या अक्षरांचे पुस्तक की यमकाचे?

क, म, ल, घ, र आणि काना एवढेच शिकलेल्या मुलासाठी कोणते पुस्तक घ्यावे, असे एका पालकांनी विचारले. मोजक्या अक्षरांच्या चित्रपुस्तकातील ‘लाल कमल’ मुलाला अक्षरे जोडूनच वाचावे लागते; मात्र शेजारच्या चित्रावरून ते ‘कमळ’ म्हणाले, तर तो अंदाज समजावा आणि चित्र झाकावे. यमकात ‘घर, कर, मर’ असे एकच अक्षर बदलत असल्याने जोडणी हलकी होते, पण दोन वाचनांत ओळ पाठ होते आणि डोळे अक्षरांवर राहत नाहीत. तेच शब्द चिठ्ठ्यांवर उलटसुलट दाखवले की हे उघड होते.

जोडताना अडखळणाऱ्याला पहिले पुस्तक द्यावे. ज्याला शब्दांतील ध्वनीच वेगळे ऐकू येत नाहीत, त्याला यमके आधी ऐकवावीत.